लाँग प्रेस करून फोटोतून उचललेली व्यक्ती: नेमकं काय सेव्ह होतं?

रानजाई
नमस्कार. आजीचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. पत्रिकेवर आणि दारातल्या फ्लेक्सवर तिचा एकटीचा फोटो हवाय. मनासारखा फोटो एकच आहे, मावसभावाच्या लग्नातला ग्रुप फोटो. त्यात आजी मधोमध खुर्चीवर बसलीय आणि अगदी छान हसतेय.

आयफोनवर फोटो उघडून आजीवर बोट दाबून धरलं की कडेने चमकती रेघ फिरते आणि ती मागच्या दृश्यातून सुटी होते, हे तुम्हा सगळ्यांना माहीत असेलच. मग मेन्यूतून Share आणि Save Image केलं. माझ्या फोनवर फोटो व्यवस्थित दिसतो, मागे काहीच नाही. पण प्रेसवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर ते म्हणाले, "ताई, मागे पांढरा चौकोन आहे, कटआउट पाठवा. आणि फोटो फारच लहान आहे." मी पाठवलेलं कटआउटच होतं!

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सेव्ह होताना मागचा भाग खरंच जातो, की फक्त पांढरा होतो? फोटो लहान का झाला? आणि आजीबरोबर तिची खुर्ची आणि शेजारी उभ्या असलेल्या आत्याचा हात पण उचलला गेलाय, तो कसा काढायचा?

सह्यवाटा
सोपं आहे. आयफोन फोटो एचईआयसी फॉरमॅटमध्ये ठेवतो आणि त्यामुळे सगळा गोंधळ होतो. Settings मध्ये Camera, मग Formats, तिथे Most Compatible निवडा. मग पारदर्शक पीएनजी सेव्ह होईल.

पिंपळपान
सह्यवाटा, त्या सेटिंगचा इथे संबंध येत नाही. Most Compatible निवडलं तर यापुढे कॅमेऱ्याने काढलेले फोटो जेपीजीत साठवले जातात, एवढंच. जेपीजीत तर पारदर्शकता राहूच शकत नाही. बोट दाबून उचललेली आकृती ही वेगळी, नवीन फाइल असते आणि मूळ फोटो एचईआयसी असो की जेपीजी, ती पीएनजी म्हणूनच सेव्ह होते. एक मात्र तुमचं बरोबर आहे, की प्रश्न फॉरमॅटचाच आहे. पण फॉरमॅट बदलतोय तो फोनमध्ये नाही, पाठवताना.

रानजाई, तुमच्या फोनमध्ये सेव्ह झालेली फाइल बहुतेक अगदी ठीक आहे. तपासायची पद्धत सांगतो. फोटोज अ‍ॅपमध्ये ती उघडा आणि स्क्रीनवर एकदा टॅप करा, म्हणजे वरखालची बटणं जातील आणि पडदा काळा होईल. आजीच्या मागे सुद्धा काळं झालं तर मागचा भाग खरोखर पारदर्शक आहे. पांढरा चौकोन तसाच राहिला तर तो पांढरा रंग फाइलमध्येच भरलेला आहे. मग खालचं i बटण दाबून फाइलचा प्रकार आणि लांबी-रुंदीचे पिक्सेल बघा आणि इथे लिहा. पिक्सेल कळल्याशिवाय लहान-मोठ्याचं बोलण्यात अर्थ नाही.

आणि फाइल शोधताना लग्नाच्या तारखेला शोधू नका. कटआउट नवीन चित्र म्हणून जमा होतं, त्यामुळे ते आजच्या तारखेला, सगळ्यात शेवटी सापडेल. मूळ फोटोला काहीही झालेलं नसतं, तो जागच्या जागी असतो.

अण्णा_सांगलीकर
आमच्या फोनवर फोटोतली अक्षरं अशीच दाबून धरली की उचलता येतात. जुन्या सातबाऱ्याचा फोटो होता, त्यातला गट नंबर असाच कॉपी केला. पण मराठी अक्षरं काही नीट येत नाहीत, नुसते आकडे येतात. त्यावर काही उपाय आहे का?

पिंपळपान
अण्णा, तुम्ही म्हणताय ती सोय वेगळी. ती फोटोतला मजकूर ओळखते, ही फोटोतली वस्तू किंवा माणूस सुटा करते. बोट दाबायची रीत सारखी असल्याने गल्लत होते. तुमच्या प्रश्नाला वेगळा धागा काढलात तर जास्त लोक बघतील.

रानजाई
पिंपळपान, खूप आभार. टॅप केल्यावर आजीच्या मागे काळं झालं! म्हणजे पारदर्शक आहे तर. i मध्ये पीएनजी दिसतंय आणि आकडा आहे २५४ × ४३७. हा लहान म्हणायचा का? ग्रुप फोटोचा आकडा १६०० × १२०० आहे.

एक अजून दिसलं. काळ्यावर बघितलं तेव्हा आजीच्या पांढऱ्या केसांभोवती हिरवट कड दिसली. हॉलच्या पडद्याचा रंग आहे तो. पांढऱ्यावर ती लक्षातच आली नव्हती.

अक्षरजुळणी
मी इचलकरंजीत गेली बरीच वर्षं डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करतोय, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने सांगतो.

पहिलं पांढऱ्या चौकोनाचं. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही गॅलरीतून 'फोटो' म्हणून पाठवता तेव्हा तो जेपीजी होऊन येतो. जेपीजीला पारदर्शक म्हणजे काय ते कळत नाही, तिथे प्रत्येक ठिपक्याला काहीतरी रंग हवाच. मग रिकाम्या जागेत कुठे पांढरा भरला जातो, कुठे काळा. आमच्याकडे रोज अशी दोन्ही प्रकारची चित्रं येतात. ग्राहक म्हणतो, "मी बॅकग्राउंड काढूनच पाठवलंय." त्याचं खोटं नसतं, पण आमच्या हातात चौकोनच येतो.

दुसरं आकाराचं. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. तुमच्या आजींची उंची ४३७ ठिपके. ४३७ भागिले ३०० म्हणजे दीड इंचाला थोडी कमी, साधारण पावणेचार सेंटिमीटर. पत्रिकेच्या कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी जागा असेल तर चालून जाईल, पण पत्रिकेच्या पानभर लावायचा तर नाक-डोळे फुटणार. फ्लेक्सचा हिशेब जरा सैल असतो, कारण तो लांबून बघायचा असतो. तरीही ४३७ ठिपक्यांवर तीन फुटी आजी उभी करता येणार नाही.

आणि १६०० × १२०० हा आकडा बघून सांगतो, हा ग्रुप फोटो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवरूनच आलाय. बरोबर?

रानजाई
हो! मावसभावाने फॅमिली ग्रुपवर टाकला होता. त्याच्या फोनवर काढलेला आहे.

अक्षरजुळणी
मग फोटो तुमच्याकडे पोचण्याआधीच लहान झाला. त्याच्या फोनवरचा मूळ फोटो बहुतेक ४०३२ × ३०२४ असणार, हल्लीच्या बऱ्याच फोनांचा १२ मेगापिक्सेलचा आकडा तोच. त्यात आणि तुमच्या प्रतीत अडीच पट फरक आहे. म्हणजे मूळ फोटोत आजी साधारण ६४० × ११०० ठिपक्यांच्या असतील. ११०० भागिले ३००, सव्वानऊ सेंटिमीटर. पत्रिकेला हवी तेवढी उंची झाली की!

तेव्हा आधी मूळ फोटो मागवा. तो पाठवताना भावाने 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, किंवा मेलने, किंवा ड्राइव्हवर टाकून. एचडीचं बटण दाबलं तर ठिपके जास्त येतात, पण जेपीजीवर पुन्हा दाब बसतोच. मला विचाराल तर डॉक्युमेंट.

मनमोकळी
मी मोत्याच्या नथी करते आणि ऑनलाइन विकते. माझी अडचण अशीच आहे, म्हणून इथेच लिहिते. नथीचा फोटो काढून बोट दाबलं की नथ उचलली जाते, पण कडीच्या आतली जागा मोकळी होत नाही. खालच्या जांभळ्या कापडाचा तुकडा तिथे तसाच अडकलेला राहतो. आणि नाकात घालायची बारीक तार अर्धी गायब होते. कधी मोती सुद्धा एका बाजूने खरवडल्यासारखा दिसतो. मोठ्या नथीत हे कमी होतं, लहान नथीत जास्त.

पिंपळपान
मनमोकळी, तुमचा प्रश्न आणि रानजाईंच्या खुर्चीचा प्रश्न, दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून एकत्र लिहितो. मी अशा प्रकारची अ‍ॅप्स लिहितो, त्यामुळे आत काय चालतं ते थोडंफार माहीत आहे.

फोनला 'आजी' कळत नाही आणि 'नथ'ही कळत नाही. तो एवढंच ठरवतो, की या फोटोत पुढे काय आहे आणि मागे काय आहे. पुढे जे एकमेकांना जोडलेलं दिसतं ते सगळं तो एक आकृती समजतो. आजी ज्या खुर्चीवर बसल्यात ती खुर्चीही पुढेच आहे. आत्यांचा हात आजींच्या खांद्याला टेकलाय, म्हणून तो जोडलेला. फोनचं यात काही बिघडलेलं नाही, त्याच्या दृष्टीने उत्तर बरोबर आहे.

दुसरी गोष्ट कडेची. पुढे-मागेचा हिशेब करताना फोन पूर्ण आकाराचा फोटो वापरत नाही, तो आधी लहान करून बघतो. त्या लहान फोटोवर एक साचा तयार होतो, कुठे ठेवायचं आणि कुठे कापायचं याचा. मग तो साचा मोठा करून मूळ फोटोवर बसवला जातो आणि मूळ फोटोतले रंग बघून त्याची कड सुधारली जाते. चित्राचे ठिपके मूळ फोटोतलेच असतात, त्यामुळे चेहरा फुटत नाही. पण साचा जाडाभरडा असला की केस, तार, पदराच्या दशा असल्या बारीक गोष्टी एक तर कापल्या जातात, नाही तर मागच्या रंगासकट येतात. नथीची तार लहान केलेल्या फोटोत एका ठिपक्याहूनही बारीक होत असेल, मग ती साच्यात येणार कुठून?

यावरून उपायही सुचतो. उचलण्याआधी फोटो कापून घ्या. रानजाई, मूळ फोटो आला की त्याची Duplicate करून प्रत घ्या, प्रतीवर Edit मध्ये जाऊन क्रॉप करा. फ्रेममध्ये फक्त आजी आणि कडेला थोडी जागा राहील एवढंच ठेवा, Done करा आणि मग बोट दाबा. क्रॉप केल्याने आजींचे ठिपके कमी होत नाहीत, ६४० × ११०० होते तेवढेच राहतात. पण आता लहान केलेल्या फोटोतही आजी जवळजवळ पूर्ण फ्रेमभर असतील, म्हणजे साचा जास्त नेमका होईल. पूर्ण ग्रुप फोटोत त्यांच्या वाट्याला साच्याचा अगदी छोटा तुकडा येत होता.

खुर्चीसाठी क्रॉपची खालची रेघ कमरेच्या वर आणा. पाठीमागे खुर्ची डोकावत असेल तर मात्र ती येणारच.

सह्यवाटा
बरं, माझं सेटिंगचं चुकलं, मान्य. पण एक शंका. Copy केलं तर? मी नेहमी Copy करून सरळ व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमध्ये पेस्ट करतो आणि मागचा भाग अजिबात येत नाही. म्हणजे रानजाईंनी Copy करून पेस्ट केलं तर प्रेसला बरोबर जाईल की.

पिंपळपान
तुम्ही पेस्ट करता तेव्हा ते स्टिकर म्हणून जातं. म्हणून पारदर्शक दिसतं. पण स्टिकर ५१२ × ५१२ च्या चौकोनात बसवलेला असतो. आजींची ११०० ठिपक्यांची उंची त्यात ५१२ होईल आणि रुंदी ६४० ची जेमतेम ३००. म्हणजे मूळ फोटो मिळवून जे कमावलं ते अर्ध्याहून जास्त गेलं. घरच्या ग्रुपवर पाठवायला उत्तम, छपाईला नाही.

Copy मध्ये अजून एक. ते फक्त क्लिपबोर्डवर असतं. मध्येच कुणाचा नंबर किंवा ओटीपी कॉपी केलात की आजी गेल्या, पुन्हा उचलाव्या लागतील. पारदर्शकता ज्या अ‍ॅपला समजते तिथे, म्हणजे नोट्स, मेल वगैरे, पेस्ट केलं तर तशीच येते. ज्याला समजत नाही तिथे पुन्हा पांढरा चौकोन.

कोकणकडा
माझ्या मेन्यूत Add Sticker असं पण येतं. मी मांजराचा फोटो तसा सेव्ह केला, पण फोटोंमध्ये कुठेच सापडत नाही. कुठे गेला?

पिंपळपान
तो फोटोंमध्ये येतच नाही. कीबोर्डवर इमोजी उघडा, तिथे स्टिकरचा कप्पा आहे, त्यात असेल. २०२३ मध्ये आयओएस १७ बरोबर ही सोय आली. त्याच्या आदल्या वर्षी आयओएस १६ मध्ये उचलणं सुरू झालं तेव्हा फक्त Copy आणि Share होतं. स्टिकरला पांढरी किनार वगैरे देता येते, पण प्रेसला द्यायची फाइल हवी असेल तर Add Sticker च्या वाटेला जाऊच नका. Share मधूनच सेव्ह करा.

मीनल_ठाणे
माझ्याकडे आयफोन एक्स आहे, त्यावर आयओएस १६ आहे. बोट कितीही वेळ दाबलं तरी नुसता नेहमीचाच मेन्यू येतो, चमकती रेघ नाहीच. काही सेटिंग चालू करायचं असतं का?

पिंपळपान
मीनलताई, एक्सवर ही सोय येत नाही. आयओएस १६ चालतं, पण उचलण्यासाठी ए१२ किंवा त्यापुढची चिप लागते, म्हणजे एक्सएस आणि एक्सआरपासून पुढचे फोन. सगळा हिशेब फोनमध्येच होतो, फोटो कुठे बाहेर पाठवला जात नाही, म्हणून चिपची अट आहे. विमान मोडवर टाकूनही उचललं जातं, कुणाच्याही फोनवर करून बघा.

सातासमुद्र
मी न्यू जर्सीत आहे. मॅक असेल तर आणखी एक मार्ग सांगते. फाइंडरमध्ये फोटोच्या फाइलवर राइट क्लिक, Quick Actions, Remove Background. मूळ फाइलच्या शेजारी नवीन पीएनजी तयार होते. आयफोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्येही फाइलवर बोट दाबून Quick Actions मध्ये हेच मिळतं. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला मी असेच सगळ्यांचे फोटो करून इकडूनच पुण्याच्या प्रेसला मेल केले होते, काही अडचण आली नाही.

पिंपळपान
सातासमुद्र, चांगला मार्ग आहे, विशेषतः एका वेळी बरेच फोटो करायचे असतील तर. फक्त तिथे 'मला आजीच हवी' असं बोट ठेवून सांगता येत नाही. फाइलमध्ये जे पुढे आहे ते सगळं येतं. ग्रुप फोटोला तो लावला तर सगळं कुटुंबच सुटं होऊन येईल. आधी क्रॉप, मग Remove Background.

मनमोकळी
क्रॉप करून बघितलं. तार आता पूर्ण येतेय! पण कडीच्या आतलं जांभळं कापड अजून आहेच. शिवाय सोन्याच्या मुलाम्यावर पण जांभळी छटा दिसते.

अक्षरजुळणी
मनमोकळी ताई, ती छटा प्रतिबिंब आहे. कापडाचा रंग धातूत उतरलाय, तो नथीचाच भाग झाला, कुठलंही कटआउट तो काढणार नाही. दागिन्याचा फोटो करड्या किंवा पांढऱ्या कार्डपेपरवर घ्या. पांढऱ्यावर मोती हरवतील, म्हणून करडा बरा. कडीचं भोक मोठं आणि कागद एकसारखा असेल तर आतला भागही सुटायची शक्यता वाढते. तरी राहिलाच, तर आम्ही फोटोशॉपमध्ये आतून पाथ मारून काढतो, दोन मिनिटांचं काम असतं. आणि उचलल्यावर सावली जाते, लक्षात ठेवा. नथ हवेत तरंगल्यासारखी दिसते. कॅटलॉगला एक हलकी सावली खाली द्यावी लागते, नाही तर गिऱ्हाइकाला वस्तू खरी वाटत नाही.

पिंपळपान
भोकाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. एकसारख्या कागदाने फरक पडतो तो बाहेरच्या कडेला. आतला भाग चारी बाजूंनी वस्तूने वेढलेला असला की पुष्कळदा तो वस्तूतच धरला जातो, कागद कसलाही असो. बांगडी, कपाचा कान, कमरेवर हात ठेवलेला माणूस, सगळीकडे हे होतं. कधी सुटतं, कधी नाही. त्यावर भरवसा ठेवू नये असं मला वाटतं.

अक्षरजुळणी
माझ्याकडे आलेल्या फाइल्समध्ये करड्या कागदावरच्या बांगड्या सुटलेल्या पाहिल्यात, म्हणून लिहिलं. लहान भोकाचं तुमचं बरोबर असेल. ताई, दोन्ही करून बघा आणि सांगा.

बारामतीकर
सॅमसंगवर पण हे आहे. गॅलरीत फोटो उघडून दाबून धरायचं, Copy, Share आणि Save as image येतं. मला हे आयफोनपेक्षा बरं वाटतं, कारण सेव्हचं बटण सरळ समोर आहे. वन यूआय ५.१ पासून आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की आमच्याकडेही पांढरंच होतं. फोन कुठलाही असो, पाठवायची वाट एकच.

रानजाई
मूळ फोटो मिळाला! भावाने डॉक्युमेंट म्हणून पाठवला. ४०३२ × ३०२४, अक्षरजुळणी यांनी सांगितलं तसाच. केलं ते क्रमाने लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

फाइल फोटोजमध्ये घेतली, Duplicate केली, क्रॉप करून फक्त आजी ठेवली, खालची रेघ कमरेच्या जरा वर. बोट दाबलं, रेघ फिरली, बोट उचललं, Share केलं. यावेळी Save Image ऐवजी Save to Files केलं. मग व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अधिकचं चिन्ह, Document, आणि फाइल्समधून तीच पीएनजी निवडून प्रेसला पाठवली. त्यांचा लगेच निरोप आला, कोरलमध्ये घेतल्यावर मागे काही नाही, बरोबर आहे.

खुर्चीची पाठ थोडी दिसते, लाल मखमलीची. ती प्रेसवाले काढून देतो म्हणाले. केसांची हिरवट कड आधीपेक्षा खूप कमी झाली, पण डाव्या कानाशी अजून आहे.

अक्षरजुळणी
उत्तम. कडेबद्दल एक सांगतो. पत्रिकेची पार्श्वभूमी गडद मरून वगैरे घेऊ नका, त्यावर पांढरे केस आणि त्यांची कड दोन्ही उठून दिसतील. फिकट क्रीम किंवा हलका पिवळा घ्या, त्यात कड विरून जाते. आणि प्रेसवाल्यांना सांगा की कडेला एक-दोन पिक्सेलचा फेदर द्या आणि कानाजवळचा हिरवा रंग तेवढ्यापुरता उतरवा. पीएनजी आरजीबीत, म्हणजे पडद्यावरच्या रंगांत असते, छपाईआधी ते सीएमवायके, म्हणजे शाईच्या रंगांत करतातच. त्यात आजींच्या साडीचा रंग थोडा दबेल, तेव्हा छापायच्या आधी एक प्रूफ मागून बघा.

रानजाई
क्रीमच घेते. राहिला आत्याचा हात. खांद्यावर चार बोटं आहेत, पदराच्या काठावर. क्रॉपने जात नाहीत, कारण ती आजीच्या अंगावरच आहेत.

सातासमुद्र
नव्या फोनमध्ये Clean Up आहे ना, फोटोतली नको ती गोष्ट पुसणारं? त्याने बोटं पुसून मग उचला.

अक्षरजुळणी
पुसता येतील, पण बोटांच्या खाली पदराचा काठ आहे. पुसणारा तिथे स्वतःच्या मनाने काहीतरी भरणार. साध्या भिंतीवर ते खपून जातं, पैठणीच्या काठावर मोर अर्धवट होतो आणि बघणाऱ्या बायकांना तो पहिल्यांदा दिसतो. मी असतो तर दुसऱ्या खांद्यावरचा काठ उचलून, उलटा करून इकडे बसवला असता. वेळखाऊ काम आहे, आणि काठ दोन्हीकडे एकाच कोनात असेल तरच बसतो.

पिंपळपान
मला वाटतं Clean Up एकदा करून बघायला हरकत नाही, प्रतीवरच करायचं आहे. उचलण्याच्या आधी करा, नंतर नको. आधी पुसलं तर हाताचा जोड तुटतो आणि साचाही खांद्यापाशी नीट येईल. नंतर पुसायला गेलात तर कडेच्या पारदर्शक भागात काय भरलं जाईल ते सांगता येत नाही.

रानजाई
माझ्या फोनवर Clean Up नाही, भावाच्या फोनवर आहे. त्याला मूळ फोटोवरच करून पाठवायला सांगते, डॉक्युमेंट म्हणून. काठ बिघडला तर अक्षरजुळणी म्हणतात तसं प्रेसकडून करून घेईन. पत्रिकेला अजून वेळ आहे.

मनमोकळी
करड्या कागदावर दोन नथी काढल्या. मोठ्या नथीची कडी आतून मोकळी झाली, लहानीची नाही. जांभळी छटा मात्र दोन्हीतून गेली. आता हिरव्या खड्याची एक नथ आहे, खडा आरपार दिसणारा. त्यातून मागचा कागद दिसतो, तो तर खड्याचा भाग म्हणूनच येतोय. काचेच्या वस्तूंचं कुणी केलंय का?

अक्षरजुळणी
काच आणि पारदर्शक खडा यात जमणार नाही, ताई. साचा ठेवायचं की कापायचं एवढंच ठरवतो, 'अर्धं दिसू दे' असं खड्याच्या आत करत नाही. ज्या रंगावर शेवटी छापणार किंवा दाखवणार असाल, त्याच रंगाच्या कागदावर फोटो घ्या. मग खड्यातून दिसणारा रंग आपोआप जुळेल.